फोटोत एक, दारात दुसरं

"मॅडम, सेमच आहे. कंपनीने नुसतं नाव बदललंय." फोटोत दाखवलेल्यापेक्षा वेगळी वस्तू घरी आली की दुकानातून पहिलं उत्तर बहुधा हेच येतं. कधी "हे तर अपग्रेडेड मॉडेल आहे" असंही सांगतात, आणि ते इतक्या आत्मविश्वासाने की गिऱ्हाईकच क्षणभर गोंधळतं. बाहेरून दोन्ही मशीन सारखीच दिसतात, रंगही तोच असतो. मग तक्रार नेमकी काय करायची?

तक्रारीची बहुतेक पत्रं इथेच फसतात. "आपण माझी घोर फसवणूक केली आहे, आपल्यासारख्या नामांकित दुकानाकडून ही अपेक्षा नव्हती" अशी दोन पानं लिहिली जातात. ती वाचून झाल्यावरही दुकानदाराला कळत नाही की कोणतं मॉडेल ठरलं होतं, कोणतं आलं, त्यांत फरक काय आणि या माणसाला आता हवंय तरी काय. पत्रातल्या रागाला तो सरावलेला असतो. त्याची अडचण होते ती शेजारी शेजारी मांडलेल्या दोन मॉडेल नंबरांनी.

एक प्रकरण घेऊ. समजा, कराडच्या एका शिक्षिकेने दसऱ्याच्या आधी गावातल्याच दुकानातून वॉशिंग मशीन घ्यायचं ठरवलं. दुकानाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "टीएल ७५ एच, साडेसात किलो, हीटरवाले, २३,५०० घरपोच." (मॉडेलचा नंबर मी इथे बनवला आहे, पण कंपन्यांची पद्धत अशीच असते.) फोटोत वरच्या पॅनेलवर गरम पाण्याचं बटण स्पष्ट दिसत होतं. घरात म्हातारी सासू, तिचे कपडे गरम पाण्यात धुवायचे, म्हणून हीटर हवाच होता. बाईंनी यूपीआयने सगळे पैसे भरले, इलेक्ट्रिशियनला बोलावून न्हाणीघरात १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला. तीन दिवसांनी टेम्पो आला. खोक्यावर लिहिलं होतं, टीएल ७५ एस.

एका अक्षराचा फरक. पण घरगुती उपकरणांच्या मॉडेल नंबरात खरी गोष्ट बहुधा शेपटीलाच दडलेली असते. आधीची अक्षरं आणि आकडे कुटुंब सांगतात, म्हणजे टॉप लोड, साडेसात किलो. शेवटची अक्षरं त्या कुटुंबातला नेमका भाऊ कोणता ते सांगतात: हीटर आहे की नाही, रंग कोणता, कोणत्या वर्षाची आवृत्ती. त्यामुळे "एका अक्षराने काय होतंय" हे दुकानदाराचं म्हणणं कधी कधी खरंही असतं. ते अक्षर नुसत्या रंगाचं असेल आणि रंग ठरल्याप्रमाणेच असेल, तर भांडण्यासारखं काही नाही. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी ते अक्षर कशाचं आहे हे बघायला हवं. कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा ग्राहक सेवेच्या फोनवर ते मिळतं.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत मात्र याहून पक्का पुरावा मशीनच्या पाठीवरच चिकटवलेला असतो. मागच्या बाजूला रुपेरी किंवा पांढरी पट्टी असते, तिला रेटिंग प्लेट म्हणतात. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, व्होल्ट आणि वॉट लिहिलेले असतात. पाणी तापवणाऱ्या मशीनची पट्टी साधारण दोन हजार वॉटच्या आसपासचा आकडा दाखवते. नुसती मोटर असलेल्या टॉप लोड मशीनचा आकडा चार-पाचशेच्या घरात असतो. बाईंनी मोबाइलचा टॉर्च लावून पट्टीचा फोटो काढला, तेव्हा त्यावर होते ४०० वॉट. चारशे वॉटमध्ये साडेसात किलो कपड्यांचं पाणी तापत नाही. "नाव बदललंय फक्त" या वाक्याला याहून सरळ उत्तर नाही, आणि ते कंपनीनेच छापून ठेवलेलं आहे.

दुसरा फोटो खोक्याचा. आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव आणि ग्राहक तक्रारीसाठीचा पत्ता छापावा लागतो. आलेल्या मॉडेलची छापील किंमत आणि ठरलेल्या मॉडेलची छापील किंमत यांत मोठी तफावत असेल, तर चूक कोणाच्या फायद्याची झाली ते कळतं. म्हणून खोकं रद्दीवाल्याला देऊ नका. थर्माकोलसुद्धा ठेवा.

बिलाकडून मात्र फार आशा नको. बाईंच्या बिलावर एवढंच होतं: "वॉशिंग मशीन ऑटोमॅटिक ७.५ किलो, १ नग." पुढे जीएसटीसाठी लागणारा एचएसएन कोड होता, पण घरगुती वॉशिंग मशीनसाठी तो ८४५० पासूनच सुरू होतो, हीटर असो वा नसो. असं मोघम बिल दुकानदाराला दोन्हीकडून सोयीचं असतं. पैसे देतानाच "बिलावर मॉडेल नंबर टाका" म्हणावं, हा सल्ला इथे उशिराचा आहे, पण पुढच्या खरेदीला उपयोगी पडेल. बिल मोघम असलं की व्हॉट्सॲपचा संदेश हाच सौद्याचा कागद ठरतो. त्याचा स्क्रीनशॉट असा घ्या की दुकानाचा नंबर, तारीख, फोटो आणि त्याखालचा मजकूर एकत्र दिसेल. नुसता फोटो डाउनलोड करून ठेवला तर तो कोणी, कधी पाठवला हे सिद्ध करताना दमछाक होते. मूळ चॅट पुसू नका, आणि फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं पथ्य: मशीन जोडू नका. टेम्पोबरोबर आलेली मुलं घाईत असतात, "सही करा, उद्या डेमोवाला येईल" म्हणतात. चलनावर "माल सुस्थितीत मिळाला" असं छापलेलं असतंच. सही नाकारून त्या पोरांशी वाद घालण्यात अर्थ नाही. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, "मॉडेल वेगळे आले आहे, ठरलेले टीएल ७५ एच", आणि त्या चलनाचा फोटो काढा. आत नेल्यावर फरक कळला, तरी दुसऱ्या दिवशी येणाऱ्या कंपनीच्या माणसाला परत पाठवा. त्याने एकदा मशीन बसवलं, सिरियल नंबरवर तुमच्या नावाची वॉरंटी नोंदली आणि दोन धुणी निघाली, की दुकान म्हणतं, "आता वापरलेला माल परत कसा घेऊ?" आणि या प्रश्नात थोडं तथ्य असतं.

याचं मूळ १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. न पाहिलेली वस्तू वर्णनावरून घेतली, तर आलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, अशी अट त्या कायद्याच्या कलम १५ मध्ये गृहीत धरलेली आहे. ती सौद्यात वेगळी लिहावी लागत नाही. न पाहता घेतलेल्या मालाची तपासणी करायला वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो 'स्वीकारला' असं धरलं जात नाही, हे कलम ४१. पण मालकासारखा त्याचा वापर सुरू केलात, किंवा काही न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतलात, तर स्वीकारला असं मानलं जातं, हे कलम ४२. आणि कलम ४३ तर पुष्कळांना ठाऊकच नसतं. माल नाकारण्याचा हक्क असताना तो नाकारला, तर उलट काही ठरलेलं नसल्यास तो दुकानात नेऊन पोचवण्याची जबाबदारी तुमची नाही. नाकारत असल्याचं कळवलं की पुरे. "तुम्ही टेम्पो करून आणून द्या, मग बघू" असं दुकान म्हणेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

म्हणजे पत्राचं खरं काम गाऱ्हाणं मांडणं हे नाहीच. ते माल नाकारल्याची सूचना आहे. "मी नाराज आहे" लिहिलं तर नाराजी पोचते. "मी हा माल नाकारत आहे" लिहिलं की त्याला कायद्याचा अर्थ येतो. बाईंचं पत्र असं असू शकेल:

दि. ३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व पत्ता)

विषय: बिल क्र. ४१२, दि. २८ सप्टेंबर २०२५. ठरलेल्या मॉडेलऐवजी वेगळे वॉशिंग मशीन आल्याने माल नाकारत असल्याबाबत.

महोदय,

दि. २८ सप्टेंबर रोजी सकाळी ११.२० वाजता आपल्या दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावरून मला टीएल ७५ एच या मॉडेलचा फोटो व "साडेसात किलो, हीटरवाले, २३,५०० घरपोच" असा मजकूर आला. त्यावर विसंबून मी त्याच दिवशी यूपीआयने रु. २३,५०० भरले.

दि. १ ऑक्टोबर रोजी घरी आलेले मशीन टीएल ७५ एस आहे. त्यात हीटर नाही. मशीनमागील पट्टीवर ४०० वॉट असे छापलेले आहे. आपण पाठवलेल्या फोटोतील गरम पाण्याचे बटणही या मशीनच्या पॅनेलवर नाही. माल घेताना मी चलनावर तशी नोंद केली आहे.

हे मशीन ठरलेल्या वर्णनाचे नसल्याने मी ते नाकारत आहे. मशीन जोडलेले वा वापरलेले नाही. ते मूळ वेष्टनासह माझ्या घरी सुरक्षित ठेवले आहे. आपण रोज दुपारी ४ नंतर ते घेऊन जाऊ शकता.

कृपया दि. १८ ऑक्टोबरपर्यंत टीएल ७५ एच हे मॉडेल जादा खर्च न घेता घरपोच द्यावे. ते आपल्याकडे उपलब्ध नसल्यास त्याच तारखेपर्यंत रु. २३,५०० माझ्या खात्यात परत करावेत. दुसरे मॉडेल पाठवायचे झाल्यास आधी माझी लेखी संमती घ्यावी.

या मुदतीत दोन्हींपैकी काहीच न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करीन आणि हीटरच्या मशीनसाठी बसवून घेतलेल्या सॉकेटचा खर्च रु. ६५० तीत मागीन.

सोबत: बिल, व्हॉट्सॲप संदेश, चलन, रेटिंग प्लेट व खोके यांचे फोटो, सॉकेटच्या कामाची पावती.

आपली,
(नाव, पत्ता, फोन, सही)

पत्रात 'फसवणूक' हा शब्द कुठेही नाही, तो मुद्दाम टाळला आहे. गोदामातल्या पोराने चुकीचं खोकं उचललं असेल, हीही शक्यता असते, आणि हेतू सिद्ध करण्याचं ओझं उगीच आपल्या डोक्यावर का घ्या? वस्तू वर्णनाची नाही एवढं दाखवलं की काम भागतं. मागणीही एकच ठेवली आहे, पर्यायासह आणि तारखेसह. "योग्य ती कार्यवाही करावी" असं सरकारी वाक्य लिहिलं की दुकानदार त्याला योग्य वाटेल तीच कार्यवाही करतो.

पत्र व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवा, शिवाय कागदावरही पाठवा. पूर्वी यासाठी रजिस्टर एडी करत. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पोचल्याचा पुरावा जपा. गावातलंच दुकान असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतलेली सगळ्यात बरी. बाकी दुकानदार ओळखीचा असला की माणसं पत्र द्यायला संकोचतात, फोनवरच बोलत राहतात आणि महिना निघून जातो. फोन करा की, पण संध्याकाळी "आज फोनवर तुम्ही सोमवारी मशीन बदलून देता म्हणालात" एवढा एक ओळीचा संदेश टाकून ठेवा.

आता उत्तरं काय येतात ते बघू. "चित्र केवळ संदर्भासाठी" ही ओळ दुकानदाराचं आवडतं छत्र आहे, पण ते लहान आहे. त्याखाली रंगाच्या छटेतला फरक मावतो, फोटोत शोभेसाठी ठेवलेली टोपली मावते. हीटर मावत नाही, विशेषतः शब्दांतही "हीटरवाले" लिहिलेलं असताना. मात्र उलट प्रकारही असतो. फोटो महागड्या मॉडेलचा आणि खालच्या मजकुरात मॉडेल नंबर स्वस्ताचा, आणि घरी आलेलं मशीन मजकुराप्रमाणेच. अशा वेळी बाजू पुष्कळ कमकुवत होते. दुकान म्हणणार, लिहिलं तेच दिलं. तिथे भर द्यावा लागतो तो जाहिरात दिशाभूल करणारी होती यावर, आणि निकाल काय लागेल ते फोटोत कोणती गोष्ट ठळक दाखवली होती यावर ठरतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी फोटो आणि नंबर यांचा मेळ घालून बघणं बरं.

दुसरं उत्तर तडजोडीचं: "हजार रुपये परत देतो, राहू द्या." हे वाईटच असतं असं नाही. हीटरची तशी गरज नसेल तर मशीन ठेवून किमतीतला फरक मागण्याची वाट कायद्यातही आहे. पण फरक म्हणजे दोन मॉडेलांच्या आजच्या विक्रीच्या किमतीतला फरक, दुकानदाराने मनाला येईल तो सांगितलेला आकडा नव्हे. ठरलं तर लिहून घ्या आणि बिलावर आलेल्या मॉडेलचा नंबर घालून घ्या, नाहीतर उद्या वॉरंटीच्या वेळी बिल एका मशीनचं आणि घरात दुसरं असा नवा घोळ होईल. मशीन हप्त्यांवर घेतलं असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं असतं आणि थकबाकी तुमच्या क्रेडिट स्कोअरवर चढते. पत्राची एक प्रत त्या कंपनीला पाठवा.

वस्तू ॲपवरून घेतली असेल तर मार्ग थोडा वेगळा आहे. तिथे परतीची कारणं निवडायची यादी येते. "आवडली नाही" किंवा "आता गरज नाही" यावर बोट पडलं की प्रकरण तुमच्या मर्जीचं होतं आणि परतीच्या सात-दहा दिवसांच्या मुदतीत अडकतं. "वेगळी वस्तू आली" हेच कारण निवडा आणि फोटो तिथेच जोडा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीतल्या गुणधर्मांशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. तेव्हा चॅटवर गोड बोलणाऱ्या प्रतिनिधीशी तासभर घालवण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याचा ईमेल शोधून वरचंच पत्र पाठवलेलं बरं.

बाईंच्या पत्राची मुदत १८ ऑक्टोबरला संपेल आणि समजा दुकान गप्पच राहिलं. पुढची पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथे मराठीतही बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ती दुकानाकडे किंवा कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तेवढ्याने पुष्कळदा भागतं, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बाबतीत भागेलच असं नाही.

त्यानंतर जिल्हा आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: दुकान मुंबईचं असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कराडच्या बाईंना साताऱ्याला जावं लागेल, किंवा ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ती घरूनही दाखल करता येईल. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं, आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे, पण तारखा लांबतात हे तिथे चकरा मारलेला कोणीही सांगेल.

तोवर मशीन घरातच पडून राहणार. त्याला उंदीर लागू देऊ नका, त्याच्यावर पाणी पडू देऊ नका, कारण ते अजून दुकानदाराचं आहे. दर महिन्याला त्याचा खोक्यासकट एक फोटो काढून ठेवावा. आणि धुण्याची फारच अडचण होऊन दुसरं मशीन विकत घ्यावं लागलं, तर त्याचं बिल मॉडेल नंबरासह घ्या आणि तक्रारीच्या फाइलला जोडा.